निवेदनातून ‘तथापि’ काढताना

कोकणावर हल्ली कितीतरी व्हिडिओ निघतात. चित्रण सुरेख असतं, निवेदन मात्र सरकारी पत्रकासारखं. दोष बहुतेक वेळा आवाजाचा नसतो, संहितेतल्या जोडशब्दांचा असतो.

पावसाळी मासेमारी बंदीवरचा एक नमुना घेऊ:

“१ जून ते ३१ जुलै या कालावधीत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असतो. तसेच समुद्र खवळलेला असल्याने जीवितास धोका संभवतो. तथापि, बिगरयांत्रिक नौकांना ही बंदी लागू नाही.”

वाचायला यात काही खटकत नाही. वाचणाऱ्याला अडलं तर नजर मागच्या ओळीवर नेता येते, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. ‘तथापि’ कानावर पडतो तेव्हा ऐकणारा मनानं खवळलेल्या समुद्रात असतो. आता वळण नेमकं कशावरून घ्यायचं, ते त्याला कळत नाही.

म्हणून आधी सगळे जोडशब्द नुसते खोडा आणि मजकूर मोठ्यानं वाचा. बऱ्याच जागी काहीच बिघडत नाही, तिथं ते परत आणू नका. जिथं वाक्यं सुटी पडतात तिथं ‘तथापि’च्या जागी ‘परंतु’ लिहून भागत नाही. त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात कुठला प्रश्न असेल तो शोधा आणि पूल त्याच्यावरच बांधा:

“१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. का? एक तर हे दिवस बऱ्याच माशांच्या विणीचे. आणि दर्याही खवळलेला, जिवाला धोका. आता बंदी म्हटली की वाटतं, सगळ्यांचीच बंद. तसं नाही. वल्ह्याच्या, शिडाच्या होड्यांना ती लागू नाही.”

‘तसेच’चं काम इथं ‘दर्याही’मधल्या ‘ही’नं केलं. ‘असल्याने’ काढून वाक्य मोडल्यावर कारणाला स्वतंत्र श्वास मिळाला. ‘तथापि’च्या जागी मात्र एक शब्द पुरला नाही. ‘बंदी’ हा शब्द पुन्हा उच्चारावा लागला, ऐकणाऱ्याचा समज बोलून दाखवावा लागला, मग तो खोडला. मजकूर थोडा लांबतो, तो लांबू द्यावा.

‘त्यामुळे’ला सरसकट कात्री लावू नका, तो आपण रोज बोलतो. कारण लगेच आधीच्या वाक्यात असेल तर तो चालतो. तीन वाक्यं मागं असेल तर कारणच पुन्हा सांगा: “बोटी किनाऱ्याला, म्हणून बाजारात सुकी मच्छी जास्त.”

याच्या उलट चूकही होते. प्रत्येक वाक्याआधी ‘तर मग’, ‘तर मंडळी’ आलं की तेही ‘तथापि’इतकंच कृत्रिम वाटतं. तसंच मालवणीचं. घरात मालवणी बोलणाऱ्या निवेदकाच्या तोंडी ‘म्हणान’ शोभतं. इतरांनी ते संहितेत पेरलं तर पहिल्याच वाक्याला ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं.

शेवटी मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि कागद बाजूला ठेवून ऐका. पुलाच्या जागी आवाज सपाट पडला किंवा निवेदक अडखळला, तर तिथं लेखी वाक्य अजून शिल्लक आहे. निवेदकाला तो तुकडा न वाचता समोरच्या माणसाला सांगायला लावा आणि निवेदकाच्या तोंडून जे येईल ते लिहून घ्या.