खांबाच्या वेळांची सरासरी म्हणजे क्रॉसिंगचा वेळ नव्हे

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: "राजेहो, भरतीच्या पेपरात लांबी-वेगाचा घोळ घालत बसू नका. एक गाडी खांब किती सेकंदात ओलांडते, दुसरी किती सेकंदात, दोन्हींची सरासरी काढा. समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना पार करायला तेवढाच वेळ घेतात. खिडकीत बसून मोबाईलवर मोजा, पटेल. फरक पडलाच तर सेकंद-दीड सेकंदाचा, जवळचा पर्याय टिक करा."

सरासरीबद्दल. दोन्ही गाड्यांचा वेग सारखा असेल तर हे उत्तर तंतोतंत येतं. अशी दोन-चार गणितं सुटली की पोरांचा विश्वास बसतो आणि मेसेज पुढे जातो. पण वर्धा-बडनेरा मार्गावर एक्स्प्रेस आणि मालगाडी एका वेगाने कधी धावतात, सांगा.

धामणगावच्या अलीकडे दोन्ही गाड्या भेटल्या असं धरू. एक्स्प्रेस इंजिनासह 540 मीटर, वेग ताशी 108 किमी, म्हणजे सेकंदाला 30 मीटर. खांब ओलांडायला तिला 18 सेकंद लागतात. समोरून कोळशाची मालगाडी येते आहे. दोन इंजिनं आणि 58 डबे मिळून 675 मीटर, वेग ताशी 54 किमी, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. तिला खांबाला 45 सेकंद. सरासरी 31.5 येते.

आता खरा हिशेब. इंजिनाला इंजिन भिडल्यापासून शेवटचे डबे एकमेकांपासून सुटेपर्यंत दोन्ही लांब्या मिळून 1215 मीटर अंतर कापलं जातं. गाड्या समोरासमोर असल्याने ते सेकंदाला 30 अधिक 15, म्हणजे 45 मीटरने कापलं जातं. वेळ 27 सेकंद.

सरासरी चालतेच, पण वेगाचं वजन देऊन. मार्केट यार्डात एका गाडीत 10 क्विंटल कापूस असेल आणि दुसरीत 20, तर सरासरी भाव काढताना दोन्ही भावांची बेरीज करून निम्मे करतो का आपण? इथे क्विंटलच्या जागी वेग आहे. वेगांचं प्रमाण 2:1, म्हणून 18 दोनदा आणि 45 एकदा घ्या. बेरीज 81, भागिले 3, उत्तर 27.

खिडकीबद्दल. खिडकीतून मोजलेला वेळ या गणिताचा नाहीच. एक्स्प्रेसमध्ये बसलेल्याला फक्त मालगाडीची लांबी जाताना दिसते. 675 भागिले 45, म्हणजे 15 सेकंद. मालगाडीच्या गार्डला एक्स्प्रेस 12 सेकंदांतच निघून गेलेली दिसते. पुढच्या डब्यात बसा की मागच्या, मोजणी सुरू कधी होते तेवढंच बदलतं. एक्स्प्रेसच्या अगदी शेवटच्या डब्यातला माणूस इंजिनं भेटल्यानंतर 12 सेकंदांनी मोजायला लागतो, पण त्याचेही 15च भरतात. 12 आणि 15 मिळून 27. म्हणजे दोन्ही गाड्यांतून वेगवेगळं मोजलं आणि बेरीज केली तरच पूर्ण वेळ हाती येतो. एका खिडकीतून पडताळा घेणाऱ्याने नेमकं काय मोजलं, देव जाणे.

"सेकंद-दीड सेकंदा"बद्दल. वरच्याच उदाहरणात फरक साडेचार सेकंदांचा आहे, आणि वेगांतली तफावत वाढली की तो हाताबाहेर जातो. तीच मालगाडी सिग्नलमुळे ताशी 18 किमीने, म्हणजे सेकंदाला 5 मीटरने रांगत येते आहे असं समजा. आता तिला खांबाला 135 सेकंद लागतील. 18 शी सरासरी काढली तर 76.5 सेकंद.

हे उत्तर चुकीचं आहे हे ओळखायला सूत्रही लागत नाही. मालगाडी लूप लाइनवर अगदी उभी असती, तर एक्स्प्रेसने एकटीने 1215 मीटर सेकंदाला 30 च्या वेगाने कापले असते, म्हणजे 40.5 सेकंदांत. मालगाडी हळू का होईना, समोरून येते आहे, तेव्हा वेळ त्याहून कमीच लागणार. 76.5 कुठून येतील? खरा वेळ 1215 भागिले 35, म्हणजे जवळपास 34.7 सेकंद. उभ्या गाडीपुढे तर युक्ती बसूनच जाते, कारण उभी गाडी खांब ओलांडतच नाही, मग सरासरी कशाची काढणार!

राहिला जवळचा पर्याय. मी शिकवणीत चाचणीचे पेपर काढतो. त्यात सरासरीचं उत्तर एक पर्याय म्हणून मुद्दाम ठेवतो, आणि पेपर काढणारा कोणीही ठेवेल.

शिवाय या नमुन्याचं एक गणित नेहमी विचारलं जातं: दोन गाड्या खांबाला 30 आणि 20 सेकंद घेतात आणि समोरासमोर एकमेकींना 26 सेकंदांत पार करतात, तर वेगांचं प्रमाण किती? साध्या सरासरीने 25 यायला हवे होते, मग हा प्रश्नच उभा राहिला नसता. 26 हे 30 पासून 4 ने आणि 20 पासून 6 ने दूर आहे. उत्तर ज्या वेळेकडे झुकलं, त्या गाडीचा वेग जास्त. म्हणून 30 सेकंदवालीचा वेग 6 वाटे, 20 वालीचा 4 वाटे, प्रमाण 3:2.