‘वाक्यरचनेकडे लक्ष द्या’ आणि लाल शाईचे इतर उपयोग

निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला आहे ना? मग पहिला नियम लक्षात ठेवा: वाक्य कुठे मोडले आहे ते मुलाला कधीही कळू देऊ नका. परिच्छेदाखाली नागमोडी रेघ ओढा, समासात ‘वाक्यरचनेकडे लक्ष द्या’ असे लिहा आणि सही करा. मुलगा आज्ञाधारक असतो. तो वाक्यरचनेकडे मनापासून लक्ष देतो. वाक्यरचना त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे बघतो आणि पुढच्या आठवड्यात वही जशीच्या तशी परत येते.

सरावासाठी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधातला हा उतारा घ्या. मी रचला आहे, पण तुमच्या गठ्ठ्यात याची भावंडे निघतीलच.

‘जेव्हा शाळा सुटली. आभाळ भरून आले होते, माझ्याकडे छत्री नव्हती, मी आणि समीर धावत निघालो आणि रस्त्यात पाणी साचले होते आणि समीरने चप्पल हातात घेतली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पळाला. घरी जाऊन आई मला रागावली. कारण वह्या भिजल्या होत्या. मला पावसात भिजणे, होड्या सोडायला आणि गरम भज्यांचा आस्वाद आवडतो.’

‘जेव्हा शाळा सुटली.’ इथे पूर्णविराम दिसतो, म्हणजे वाक्य पूर्ण झालेच असणार. क्रियापदसुद्धा आहे! तेव्हा पुढे जा. ‘जेव्हा’ आला की कान ‘तेव्हा’ची वाट बघतो, ‘जर’ आला की ‘तर’ची आणि ‘जो’ आला की ‘तो’ची, हे मुलाला अजिबात सांगू नका. वाक्य एकटेच मोठ्याने वाचून ‘बरं, मग?’ असे विचारायलाही लावू नका. तसे विचारले की तो आपणहून ‘शाळा सुटली तेव्हा आभाळ भरून आले होते’ असे लिहील, आणि तुमची नागमोडी रेघ बेकार होईल. ‘घरी आल्यावर.’ किंवा ‘पाऊस पडताना.’ अशी ठिगळेही याच प्रश्नाला चटकन सापडतात, म्हणून हा प्रश्न कडीकुलपात ठेवा.

उलट, जिथे दुरुस्तीची गरज नाही तिथे मात्र कडक व्हा. कुणी ‘चहूकडे चिखल. अंगणात डबकी.’ असे लिहिले, तर ‘क्रियापद कुठे?’ म्हणून लाल गोल काढा. ‘हा माझा भाऊ’ या वाक्यात क्रियापद नसते आणि तरी मराठीत कुणाचे काही अडत नाही, हे त्या क्षणी विसरून जा. ‘कारण वह्या भिजल्या होत्या’ हेही गुन्हेगार ठरवा. खरे तर मागचे वाक्य शेजारीच असल्याने कान इथे ठेचकाळत नाही आणि चांगले लेखक असे सर्रास लिहितात. परीक्षेच्या उत्तरात ‘आई रागावली, कारण…’ असे जोडून घेतले की काम भागते. पण ‘जेव्हा’चा तुटका तुकडा आणि ‘कारण’चा तुटका तुकडा यांत फरक करायचा म्हणजे विचार करावा लागतो, आणि गठ्ठा मोठा आहे.

आता त्या आगगाडीकडे वळू. ‘आभाळ’पासून ‘पळाला’पर्यंत एकच वाक्य. मुलाला तुम्ही मागास समजू नका, त्याने मोडीचा वारसा चालवला आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग शब्द न तोडता लिहीत जात. स्वल्पविराम-पूर्णविरामांची शिस्त मराठी छापील गद्यात एकोणिसाव्या शतकात आली, आणि तिचे बरेचसे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. एका गोऱ्या साहेबाचे मुलाने का ऐकावे?

दुरुस्ती करायचीच असेल, तर सगळ्या स्वल्पविरामांचे पूर्णविराम करून टाका. ‘आभाळ भरून आले होते. माझ्याकडे छत्री नव्हती. मी आणि समीर धावत निघालो.’ व्याकरण निर्दोष झाले आणि निबंधाची तार झाली. ‘छत्री नव्हती आणि धावत निघालात, या दोन गोष्टींचा काही संबंध होता का?’ असे चुकूनही विचारू नका. मुलगा म्हणेल, ‘हो, म्हणूनच धावलो’, आणि ‘माझ्याकडे छत्री नव्हती, म्हणून मी आणि समीर धावतच निघालो’ असे लिहून मोकळा होईल. ‘आणि’ दोन गोष्टी नुसत्या शेजारी उभ्या करतो. त्यांच्यातले नाते ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’ सांगतात. ते नाते फक्त मुलाला ठाऊक असते, तुम्हाला नाही. म्हणून त्याला विचारणे टाळणेच बरे.

‘आणि’चा सुळसुळाट थांबवायला आणखी एक रामबाण आहे: ‘ऊन लावा.’ उठून, धुऊन, पिऊन, जाऊन. ‘घरी जाऊन आई मला रागावली’ हे त्याच औषधाचे फळ. ऊन लावलेली क्रिया आणि मुख्य क्रिया यांचा कर्ता सहसा एकच असतो, त्यामुळे या वाक्यात घरी आई गेली. मुलगा अजून पावसातच आहे. ‘मी घरी गेल्यावर आई मला रागावली’ एवढ्याने तो घरात येईल, पण घाई काय आहे?

समीरचे वाक्य मात्र जपून ठेवा, ते रत्न आहे. ‘समीरने चप्पल घेतली, पँट दुमडली आणि पळाला.’ घेतली कुणी? समीरने. पळाला कोण? ‘समीरने’ तर पळाला नाही. ‘घेतली’ आणि ‘दुमडली’ या सकर्मक क्रियापदांना भूतकाळात ‘ने’वाला कर्ता लागतो, ‘पळाला’ला साधा. रांगेतले शेवटचे क्रियापद उपरे निघाले. ‘आणि तो पळाला’ असा एक ‘तो’ घातला की रांग सरळ होते. बोलताना हा ‘तो’ सगळेच गाळतात आणि कुणी रागावत नाही. लिहिताना मुलाला तो सुचत नाही याचे कारण तुमच्याच विषयांच्या यादीत आहे: माझी सहल, माझा वाढदिवस, मी पाहिलेला अपघात. ‘मी चप्पल घेतली आणि पळालो’ हे बिनबोभाट खपते, कारण ‘मी’ दोन्हीकडे ‘मी’च राहतो. वर्षानुवर्षे ‘मी’च्या निबंधांवर पोसलेले मूल समीरपाशी येऊन अडखळते. तेव्हा यंदाही ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ द्याच.

शेवटचे वाक्य सोपे आहे, म्हणून त्यावर रागवा. भिजणे, सोडायला, आस्वाद: तीन आवडींचे तीन वेश, आणि ‘आवडतो’ फक्त शेवटच्या आस्वादाशी जुळलेला. ‘मला भिजणे आवडतो’ असे एकेक करून म्हणून बघितले असते तर मुलगा स्वतःच हसला असता आणि ‘भिजायला, होड्या सोडायला आणि गरम भजी खायला आवडते’ असे लिहून मोकळा झाला असता. पण ‘आस्वाद’ हा शब्द त्याने तुमच्या नमुना-निबंधातून उचलला आहे, त्यामुळे त्याला हात लावू नका.

आणि मुलाने फारच वाद घातला, तर त्याला व्हरांड्यात नेऊन सूचनाफलक दाखवा: ‘विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे, गणवेश घालणे व मोबाईलला सक्त मनाई आहे.’ ‘यावे, गणवेश घालावा व मोबाईल आणू नये’ असे पाहिजे होते, असे तो म्हणेल. त्याला खालची सही आणि गोल शिक्का दाखवा.