परदेशातून : खाष्ट सासूवाचून उभी राहणारी कथा

“मावशी, नोकरी आणि घर यांत अडकलेल्या मुलीची कथा लिहिते आहे. सासू खाष्ट दाखवली नाही तर वाचकाला संघर्ष जाणवेल का? तुझ्या स्वीडनमध्ये तर असा प्रश्नच उरला नसेल.”

जाणवेल, आणि माझ्या मते तेव्हाच जाणवेल. सासू दुष्ट असली की ती छळाची कथा होते आणि वाचक निर्धास्तपणे एका बाजूला उभा राहतो. भूमिका-संघर्षाला, म्हणजे एकाच माणसाच्या दोन भूमिकांमधल्या ओढाताणीला, दोन्ही मागण्या न्याय्य असाव्या लागतात आणि त्या एकाच तासावर हक्क सांगत याव्या लागतात. तुझी नायिका बँकेत अधिकारी आहे आणि तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक तिच्याकडे असते, हे तू उत्तम निवडले आहेस. कारण दिवसाची रोकड जुळून दोन्ही किल्ल्या फिरल्याशिवाय तिला उठता येत नाही. त्या संध्याकाळी रोकड जुळत नाही. घरी दिवसभर बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाईंना रुग्णालयात असलेल्या आपल्या बहिणीकडे जायचे आहे आणि भेटीची वेळ संपत आली आहे. आता सासूबाईंना फोनवर रागावू देऊ नकोस. त्यांना म्हणू दे, “सावकाश ये, मी उद्या जाईन.” रागाला उत्तर देता येते, या वाक्याला तिच्याजवळ उत्तर नाही, आणि नोटांचे तेच बंडल ती तिसऱ्यांदा मोजायला घेते.

तुझा मसुदा मी इथल्या एका सहकारी स्त्रीला तोंडी सांगितला. तिने लगेच विचारले, “मग ती रजा का घेत नाही?” कथेचा प्रश्न तिला नियमांचा प्रश्न वाटला, आणि त्यात तिचा दोष नाही. इथे मुलामागे दोन्ही पालकांना मिळून 480 दिवसांची पालकत्व रजा असते, त्यांतले 90 दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. मूल आजारी पडले तर आई किंवा वडील भत्ता घेऊन घरी राहू शकतात. तिचे निम्मे म्हणणे तू स्वीकारावेस. किल्ली नोंदवहीत नोंद करून दुसऱ्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करता येते, हे जाणकार वाचकाला ठाऊक असते; म्हणून तो अधिकारी त्या दिवशी का नाही, हे आधीच एका वाक्यात सांगून टाक, नाहीतर तिची कोंडी लेखिकेने रचलेली वाटेल.

पण त्याच बाईने नंतर स्वतःचे सांगितले. मुले मोठी झाली, आता आईला विस्मरण होते, आणि बैठकीत बसलेली असताना तिचा एक कान फोनकडे असतो. आपल्याकडच्या चर्चेत एक पक्ष म्हणतो की बाईने प्राधान्य ठरवावे, आणि दुसरा म्हणतो की कायदे आणा. मी दुसऱ्या पक्षाची आहे. भारतात 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली, याचे मला मनापासून मोल वाटते. तरीही तुझी कथा त्या रजेनंतर सुरू होते, आणि नियम वेळेची ओढाताण कमी करतात तितकी मनाची करत नाहीत, हे मी इथे रोज पाहते.

समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या वहिनींनी यात नेमकी भर घातली. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी 1985 मध्ये या संघर्षाची तीन मुळे सांगितली : वेळ, ताण आणि वागणे. वहिनी म्हणाल्या, “सगळे जण वेळेवरच लिहितात. तिसऱ्यावर कुणी लिहीत नाही.” काउंटरवर नेमके, कोरडे आणि ठाम बोलणे हा तुझ्या नायिकेचा गुण आहे, त्याच स्वरात तिने घरी “औषध किती वाजता दिले?” असे विचारले की ती उलटतपासणी होते. हा प्रसंग जरूर लिही. तो घडताना घड्याळाचा काही संबंध नसतो, आणि मला तो रोकड न जुळण्याच्या प्रसंगाहून अधिक खरा वाटतो.

शेवटी तिने राजीनामा देऊ नये आणि तिला बढतीही मिळू नये, कारण दोन्ही शेवटांत एक भूमिका कथेतून काढून टाकलेली असते. नवऱ्याविषयी मात्र माझे आणि वहिनींचे एकमत झाले नाही. तो फिरतीवर असल्याचे तू लिहिले आहेस. मला ते पुरेसे वाटते. वहिनींच्या मते त्याला गावाबाहेर पाठवून तू सर्वांत अवघड पात्र टाळले आहेस, आणि तो त्या संध्याकाळी घरी असता, तर फोन कुणाला गेला असता, हे आधी लिहून पाहावेस.