जास्त पगाराच्या मागे जावं? राजारामपुरीच्या काकांना उत्तर

*"ताई, तुमचा लेख वाचला. ज्याचा पगार जास्त त्याच्या नोकरीच्या गावी जायचं, हा साधा व्यवहार आहे. उद्या बायकोचा पगार जास्त असेल तर नवऱ्यानं जावं, माझी हरकत नाही. उगाच त्यात बाई-पुरुष आणू नका. १९९४ साली आमच्या मिसेसनी शाळेतली नोकरी सोडली आणि माझ्याबरोबर बदलीच्या गावी आल्या, आजतागायत तक्रार नाही. प्रत्येक गोष्टीची वही मांडायला लागलात तर तो संसार नाही, भागीदारी फर्म झाली. आणि एक इथं, एक तिथं असं राहून घर चालत नसतं." – एक वाचक, राजारामपुरी*

काका, नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही व्यवहार म्हणालात, तर व्यवहारानंच जाऊया. माझ्याकडे हिशोब करून घ्यायला येणारं एक जोडपं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, आकडे गोल केलेत. तो कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फौंड्रीत क्वालिटीला, हातात महिना ६५ हजार. ती वकील, दहा वर्षं प्रॅक्टिस, बहुतेक दिवाणी कामं. कधी कमी कधी जास्त, पण वर्षाची सरासरी काढली तर महिना ५५ हजार. मुलगा सहा वर्षांचा, सासूबाई घरी, घर स्वतःचं. त्याला चाकणहून ऑफर आली, १ लाख ५ हजारांची. तुमच्या नियमानं इथं विचार करायचं कारणच नाही. आधीही त्याचा पगार जास्त होता, आता तर दुपटीच्या जवळ गेला. सामान बांधा.

आता घराचा हिशोब बघा. आज घरात येतात १ लाख २० हजार. सगळे पुण्याला गेले तर त्याचे १ लाख ५ हजार, मोशीकडच्या भाड्याचे २० हजार वजा. इथलं घर भाड्यानं देता येत नाही, सासूबाई कोल्हापूर सोडायला तयार नाहीत. राहिला तिचा प्रश्न. सनद महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलची, ती पुण्यात चालते. पक्षकार मात्र सनदेबरोबर पुण्याला येत नाहीत. इथल्या फाइली एनओसी देऊन दुसऱ्या वकिलाकडे सोपवायच्या आणि तिथं कुणाच्या तरी चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून बसायचं. सुरुवातीला १५ हजार मिळाले तरी खूप. म्हणजे घरात एक लाख. पगार ४० हजारांनी वाढला आणि घर २० हजारांनी खाली आलं. तुमचा नियम दोन पगार एकमेकांशेजारी ठेवतो. हलतं मात्र अख्खं घर, आणि त्याच्या दोन्ही गावांतल्या बेरजा तो मांडतच नाही.

तीन-चार वर्षांत ती पुण्यात जम बसवेल, असं कुणी म्हणेल. बसवेलही. पण तेवढ्या काळात ती इथं कुठं पोचली असती, तेही धरायला हवं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं. आधी सेकंड अपील म्हटलं की पक्षकार मुंबईचा वकील गाठायचा आणि हिची फाइल तिथंच बंद व्हायची. आता तेच अपील ही स्वतः सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या या बेंचपुढे चालवू शकते. अशा वेळी गाव सोडायचं म्हणजे आजच्या ५५ हजारांवर पाणी सोडणं एवढंच नाही. जी वाट नुकती उघडलीय, ती दुसऱ्याला मोकळी करून द्यायची.

त्याचं तसं नाही. कास्टिंगची क्वालिटी बघणारा माणूस शिरोलीत लागतो, गोकुळ शिरगावात लागतो, कागलला लागतो. तो चार वर्षांनी परत आला तर चाकणचा अनुभव घेऊन येईल आणि जास्त पगारावर लागेल. ती चार वर्षांनी परत आली तर तिचे पक्षकार कधीच दुसऱ्याचे झालेले असतील. मी पगाराच्या आधी हेच विचारते: कुणाचं पाऊल मागे घेता येतं? ज्याचं येतं त्यानं हलावं किंवा थांबावं, त्याचं नुकसान भरून निघतं.

बाई-पुरुष आणू नका म्हणालात. मी आणत नाही, ते तुमच्या नियमात आधीच बसलेत. आपल्याकडे स्थळ बघताना मुलगा तीन-चार वर्षांनी मोठा बघतात. सारखं शिक्षण, सारखी हुशारी धरली तरी लग्नाच्या दिवशी त्याची नोकरी तीन-चार वर्षांनी जुनी असते, म्हणून पगारही जास्त असतो. पहिल्या ऑफरला तुमचा नियम त्याच्या बाजूनं कौल देतो. ती मागे जाते, नव्या गावात खालून सुरू करते. पुढची ऑफर येईपर्यंत फरक आणखी वाढलेला असतो, मग कौल पुन्हा त्यालाच. "उद्या बायकोचा पगार जास्त असेल तर" म्हणता, पण तो उद्या उजाडणार कसा? हे फक्त माझं म्हणणं नाही. जेकब मिन्सर नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७८ साली कुटुंबांच्या स्थलांतरावर लिहिताना दाखवलं होतं की कुटुंब एकूण फायद्यासाठी हलतं, तेव्हा त्यातल्या एका माणसाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्याखाली झाकला जाऊ शकतो. अशा माणसाला त्यानं नाव दिलं टाइड मूव्हर, म्हणजे जोडीदाराला बांधलेला म्हणून हललेला. उलटही होतं, चांगली संधी सोडून जोडीदारापायी गावातच थांबलेला, तो टाइड स्टेअर. हा नवरा थांबला असता तर दुसऱ्या खात्यात गेला असता, हेही लक्षात ठेवायला हवं.

काकूंबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, तरी तुम्हीच काढलंत म्हणून लिहिते. त्यांची शाळा अनुदानित असेल आणि नेमणुकीला मान्यता असेल, तर त्या १ नोव्हेंबर २००५ च्या आधीच्या, म्हणजे जुन्या पेन्शनच्या शिक्षिका. पूर्ण सेवा झाली असती तर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता, दर महिन्याला, जन्मभर, स्वतःच्या खात्यात. १९९४ ला हे कुणी मांडलं नसेल, तेव्हा पगारच किती होते! तक्रार नाही हे खरंच असेल. पण तक्रार नाही म्हणजे तोटा झाला नाही, असं मात्र होत नाही.

एक इथं, एक तिथं राहण्याबद्दल मी तुमच्याशी बरीचशी सहमत आहे. या दोघांनी तोही हिशोब केला. तो एकटा चाकणला गेला तर १ लाख ५ हजार अधिक ५५ हजार, त्यातून त्याची खोली आणि मेस १४ हजार, दर आठवड्याच्या येण्याजाण्याचे सहा हजार वजा. राहतात १ लाख ४० हजार. कागदावर छान दिसतं. मग तिनं एकच गोष्ट विचारली: संध्याकाळी सहा ते नऊ काय करायचं? वकिलाचा पक्षकार कोर्टात भेटतो तो घाईत. खरं बोलणं, कागद बघणं, फी ठरणं होतं ते संध्याकाळी ऑफिसात. आजवर त्या तीन तासांत मुलाचा अभ्यास, जेवण आणि सासूबाईंची औषधं तो बघत होता. तो गेला की तिचं ऑफिस बंद, म्हणजे ५५ हजारही राहत नाहीत. ते टिकवायचे तर ऑफिसला एक ज्युनिअर आणि घरी संध्याकाळची बाई, दोन्ही मिळून १२ हजार. राहिले १ लाख २८ हजार.

दरम्यान त्यानं ऑफर शिरोलीच्या मालकांना दाखवली. त्यांनी ७५ हजार देऊ केले. म्हणजे काही न हलता घरात १ लाख ३० हजार! ४० हजारांच्या वाढीवरून सुरू झालेली चर्चा, आणि शेवटी दोन्ही पारडी सारखीच. असं वारंवार होतं. खर्च ज्याच्या अंगावर पडतो त्याला तो नीट मांडू दिला की मोठी दिसणारी ऑफर झपाट्यानं बारीक होते.

मग पैसा बाजूला झाला आणि खरं कारण बाहेर आलं. शिरोलीत त्याच्या वरची खुर्ची मालकांच्या घरातली आहे, ती मोकळी होणार नाही. आज नाही गेला तर चाळिशीनंतर चाकण त्याला बोलावणार नाही. हे त्यानं तिला आधी कधी सांगितलंच नव्हतं, पगाराच्या आकड्यामागे लपवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "हे आधी बोलला असतास तर पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं, पण फुकट नाही."

फुकट नाही म्हणजे काय, ते त्यांनी एका वहीच्या पानावर लिहिलं. तुम्ही फर्म म्हणून हसाल, खुशाल हसा. फर्ममध्ये निदान कुणी किती भांडवल घातलं ते लिहून ठेवतात. तो दोन वर्षांसाठी जाणार. ज्युनिअर आणि बाईचे १२ हजार त्याच्या पगारातून जाणार, तिच्या नाही, कारण तो खर्च त्याच्या जाण्यानं आलाय. वर्षाला दीड लाख तिच्या नावच्या पीपीएफमध्ये तो भरणार. बायकोच्या नावावर मुदत ठेव केली असती तर व्याज क्लबिंगनं त्याच्याच उत्पन्नात धरलं गेलं असतं, पीपीएफचं व्याज करमुक्त, म्हणून हा मार्ग मी सुचवला. शुक्रवारी रात्री तो निघणारच, ऑडिट असलं तर तसं आठवडाभर आधी कळवायचं.

शेवटच्या कलमावर त्यांचं दोन दिवस वाजलं. त्याचं म्हणणं, दोन वर्षांनी बसून ठरवू. ती वकील, तिला "बसून ठरवू" म्हणजे काय ते पक्कं ठाऊक. दोन वर्षांनी कुणीच विषय काढला नाही तर जे चाललंय तेच चालू राहतं, आणि ते त्याच्या सोयीचं असतं. म्हणून तिनं उलटं लिहून घेतलं: मुदत संपली आणि दोघांनी मिळून नवं काही ठरवलं नाही, तर तो परत येणार. कागल, गोकुळ शिरगाव, फार तर सातारा, इथं नोकरी शोधायला मुदतीच्या सहा महिने आधी सुरुवात करायची, आणि ती शोधायची त्यानं. मुदत वाढवायची असेल तर कारण मांडायचं तेही त्यानंच. या कलमाखाली दोघांची सही आहे, बाकीच्या कलमांना तिनं सही मागितली नाही.