मूळ रजिस्ट्री हरवली म्हणून पेपरात नोटीस देण्याआधी एवढं वाचा

परभणीत वकिली करतो आणि बँकांसाठी सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीचा आणि बोज्याचा तपास, काढतो, त्यामुळं पेपर हातात आला की मी आधी जाहीर नोटिशी वाचतो, बातम्या नंतर. आणि गेल्या काही वर्षांत एका प्रकारची नोटीस वाचून खरंच जीव तुटतो. "आमचे अशील यांचे मालकीच्या प्लॉटचे मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे, नंतर तक्रार चालणार नाही." झालं, संपली नोटीस. दस्त नंबर नाही, साल नाही, कोणत्या दुय्यम निबंधक कार्यालयातला दस्त ते नाही, चतुःसीमा नाही. छापलेली असती कुठल्या तरी अशा पेपरात जो त्या तालुक्यात येतही नाही, कारण तिथं जाहिरातीचा रेट स्वस्त. मला सांगा, ज्याच्याकडं तो कागद खरंच असेल त्याला हे वाचून कळणार कसं की हे आपल्याबद्दल आहे?

लोकांचा असा समज झालाय की पोलिसांचा दाखला, बाँडवरचं शपथपत्र आणि पेपरचं कात्रण, हे तीन कागद फाईलला लावले की हरवलेली रजिस्ट्री परत आल्यासारखीच आहे. तसं नाही. दस्तात काय लिहिलं होतं हे सिद्ध करायला हे तीन कागद लागतच नाहीत. रजिस्टर झालेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या पुस्तकात असती, नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ खाली फी भरून तुम्ही सही-शिक्क्याची नक्कल काढू शकता आणि मजकुरासाठी ती कोर्टात चालती. मग बँक आणि खरेदीदार हे तीन कागद का मागतात? तर एकाच प्रश्नासाठी, मूळ कागद कोणाकडं गहाण तर नाही ना? आपल्याकडं नुसता मूळ कागद बँकेत ठेवूनही गहाण होतं, त्याचा वेगळा दस्त करावाच लागतो असं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात द्यावी लागती म्हणून आता ते सर्चमध्ये दिसतं, पण त्याच्या आधीचं गहाण नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, म्हणजे सूची दोनमध्ये, बहुतेक वेळा दिसतच नाही. घरातला माणूस गेलेला, कर्ज २०१३ च्या आधीचं, आणि घरच्यांना पत्ता नाही. खरी भानगड हितं आहे.

एक केस सांगतो, नाव-गाव सोडून. एका शिक्षकांनी १९९६ ला प्लॉट घेतला, रीतसर रजिस्ट्री. पुढं ते वारले. बाईंना पोराच्या धंद्यासाठी त्या जागेवर कर्ज काढायचं होतं, बँकेनं मूळ कागद मागितला आणि घरात तो सापडेना. पेटी, कपाट, गावाकडचं घर, सगळं पालथं घातलं. कोणीतरी सांगितलं की सोप्पंय, पाचशेच्या बाँडवर लिहून द्या की मूळ खरेदीखत प्रवासात गहाळ झालं आणि ते कुठंही गहाण ठेवलेलं नाही. तयार मजकूर घेऊनच आल्या होत्या त्या माझ्याकडं. मी म्हणलं बाई, प्रवास कोणता? तर त्यांना माहीत नाही. गहाण नाही हे तुम्हाला कशावरून माहीत? "साहेबांनी मला कधी सांगितलं नाही." बस, एवढंच. न सांगणं वेगळं आणि गहाण नसणं वेगळं, आणि शपथेवर ह्या दोन गोष्टी एक करता येत नाहीत, खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे.

आधी दस्त नंबर शोधला. नंबर माहीत नसला तर लोक घाबरतात, पण तो पीआर कार्डवरच्या, म्हणजे मालमत्ता पत्रकावरच्या, फेरफाराच्या नोंदीतून मिळतो, नाहीतर शेजारच्या प्लॉटवाल्याचा दस्त बघायचा, एकाच ले-आऊटमधले प्लॉट बऱ्याचदा मागं-पुढंच विकलेले असतात, नाहीतर नाव आणि साल देऊन इंडेक्स पुस्तकात शोध घ्यायचा. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवरची सोय नंतरच्या दस्तांना कामाची, १९९६ च्या दस्तासाठी ऑफिसात जाऊन पुस्तकच बघावं लागतं. नक्कल निघाली. बोजा कुठंच दिसला नाही, गहाणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय नोंदणीत, म्हणजे सेरसायवर, पण काही नाही, पण सेरसाय सुरू झालं २०११ ला, त्याच्या आधीचं तिथं सापडेलच असं नाही.

मग पोलीस स्टेशन. तिथं मी अर्जात खरं तेच लिहायला लावलं, की कागद पतीच्या ताब्यात होता, ते गेल्यानंतर शोधला तर सापडला नाही, नेमका कधी आणि कुठं गहाळ झाला ते माहीत नाही. हरवणं हा गुन्हा नाही म्हणून ह्यात एफआयआर होत नाही, गहाळ नोंद होती आणि त्याचा दाखला मिळतो. काही लोक नोंद लवकर व्हावी म्हणून "बसस्टँडवर पिशवी चोरीला गेली" असं लिहून देतात. असं करू नका. चोरी म्हणलं की तो गुन्हा झाला, तपास आला, आणि उद्या कागद कोणाच्या कपाटात सापडला तर तुमची पहिलीच तक्रार खोटी ठरती.

नोटीस मात्र मी भरपूर लिहिली. शिक्षकांचं पूर्ण नाव आणि ते मयत असल्याचं, दस्त नंबर, तारीख, कार्यालय, सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, चारी बाजूच्या चतुःसीमा, पोलीस नोंदीचा नंबर. आणि एक ओळ मुद्दाम टाकली: "सदर दस्त कोणत्याही बँक, पतसंस्था, सोसायटी अथवा खाजगी व्यक्तीकडे तारण, गहाण किंवा अन्य कारणाने ठेवलेला असल्यास पुराव्यासह लेखी कळवावे." मुदत चौदा दिवस. पेपर असा निवडला जो परभणीत चहाच्या टपरीवर खरंच वाचला जातो.

मुदत संपायच्या आत एका रिटायर माणसाचा फोन आला. पूर्वी एका पतसंस्थेत वसुलीला होते. ती पतसंस्था बुडाली, अवसायनात गेली, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला अवसायक नेमला गेला. ते म्हणले, "वकीलसाहेब, हे गुरुजी आमचे कर्जदार होते, त्यांचा कागद संस्थेतच राह्यला असंल." आणि निघाला हो! अवसायकाच्या ताब्यातल्या लोखंडी कपाटात गठ्ठ्यात बांधलेला, वर कर्ज प्रकरणाची पिवळी फाईल, आत मूळ रजिस्ट्री, आणि खातेउताऱ्यावर शेवटी बाकी निरंक. गुरुजींनी कर्ज सगळं फेडलं होतं, फक्त कागद परत घेतला नव्हता. बाईंनी अर्ज केला, मृत्यू दाखला, वारसाचे कागद आणि बंधपत्र दिलं, अवसायकानं खातेउतारा तपासून कर्ज बाकी नसल्याच्या बेबाकी दाखल्यासकट मूळ कागद दिला.

आता उलटं बघा. ती तीन ओळींची नोटीस छापली असती तर त्या रिटायर माणसाला काहीच कळलं नसतं. बाईंनी "गहाण नाही" अशी शपथ घेतली असती, आणि उद्या अवसायकाच्या कपाटातून कागद निघाला असता तर त्यांच्याच कर्ज प्रकरणात त्या खोट्या ठरल्या असत्या. आणि कर्ज फिटलेलं नसतं तर? तर नोटिशीला कोणी हरकत घेतली नाही म्हणून पतसंस्थेचा हक्क बुडत नाही. "नंतर तक्रार चालणार नाही" हे वाक्य छापून कोणाचा गहाणाचा हक्क संपत नसतो. नोटिशीचा फायदा एवढाच, की खरेदीदारानं आणि बँकेनं आपल्या परीनं चौकशी केली हे दाखवता येतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की शपथपत्र सगळ्यात शेवटी करावं. आधी नक्कल, मग पोलीस नोंद, मग नोटीस, मुदत जाऊ द्या, आणि मग शपथपत्र, कारण मग त्यात खरं लिहिता येतं की अमुक पेपरात नोटीस दिली, अमुक मुदतीत हरकत आली नाही. आमच्याकडं बहुतेक लोक उलटं करायलेत, पहिल्याच दिवशी बाँड. मालक स्वतः हयात असेल तर त्यानं "मी गहाण ठेवलेला नाही" असं सरळ लिहावं. वारस असेल तर "माझ्या माहितीप्रमाणे" म्हणून लिहावं आणि ती माहिती कशावरून आहे तेही लिहावं. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या पण. मूळ कागद सापडला तर तो हजर करू, ही ओळ विसरू नका. आणि पेपरचं नुसतं कात्रण ठेवू नका, अख्खं पान ठेवा, वर पेपरचं नाव, तारीख आणि आवृत्ती दिसली पाहिजे.

अजून एक प्रकार, ज्याचा मला मनापासून राग येतो. कागद भावाकडं आहे हे पक्कं माहीत असतं, वाटणीवरून बोलणं बंद असतं, आणि मग हा जाऊन "गहाळ" म्हणून नोंद करतो. सावकाराकडं ठेवलेला असला तरी तेच. अरे तो हरवलेला नाही, तो अडकलेला आहे, त्याचा रस्ता वेगळा. भावाला वकिलामार्फत नोटीस द्या, दिवाणी कोर्टात मागा. सावकारानं कर्जापोटी जमीनच लिहून घेतली असेल तर सावकारी कायदा २०१४ आहे, जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करा. गहाळ म्हणून फिरवलेली फाईल हरकत आली की तिथंच फुटती.

कागद बँकेनंच हरवला असेल तर तुम्ही खर्च करायचा नाही. रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. होम लोनसारखं वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटलं की तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, आणि कागद हरवले असतील तर नक्कल काढून द्यायला मदत करायची आणि त्याचा खर्चही बँकेनंच सोसायचा, त्यासाठी बँकेला आणखी तीस दिवस मिळतात. मॅनेजर "तुम्हीच पोलीस नोंद करा" म्हणला तर कागद त्यांच्या ताब्यातून गेला हे आधी लेखी घ्या.

आणि ज्यांचे गुंठेवारीतले प्लॉट नुसत्या नोटरी बाँडवर घेतलेले आहेत, संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत असे लई लोक आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, वरचं काहीच तुम्हाला लागू होत नाही. तो बाँड रजिस्टर नाही, त्याची नक्कल कोणत्याच सरकारी पुस्तकात नाही, नोटरीच्या रजिस्टरला फक्त नोंद असती, मजकूर नसतो. तो हरवला तर नोटीस देऊनही हातात काही येत नाही. आजच त्याच्या रंगीत झेरॉक्स काढा, नोटरीचा नोंद क्रमांक आणि तारीख वेगळी लिहून ठेवा, आणि विकणारा माणूस हयात आहे तोवर त्याच्याकडून रजिस्ट्री होती का ते वकिलाला विचारा.