बंद म्हणताना तोंड बंद

मागे एकदा मी ग्रुपवर बोलणाऱ्या मांजराचा व्हिडिओ टाकला होता. तेवढ्यावरून आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मी 'ते एआयवाले' झालो. त्यामुळे पाण्याचा पंप दुरुस्तीला काढायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरी थेट माझ्या दारात. "नोटीस कोणी वाचत नाही हो. एखादी आजी बोलतेय असं काहीतरी करा. आठ सेकंदांचं तर काम आहे."

आठ सेकंदच, कारण मी वापरतो त्या साधनातून एका वेळी तेवढीच क्लिप निघते. चित्र आणि आवाज दोन्ही तेच बनवतं. आपण सुरुवातीचं एक स्थिर चित्र द्यायचं आणि शब्दांत सांगायचं, कोण आहे, कुठे आहे, काय बोलते. मांजराच्या वेळी हे फार सोपं गेलं होतं. आता कळतं की मांजराचे ओठ कसे हलायला हवेत हे कोणालाच माहीत नसतं. आजी मात्र प्रत्येकाने जन्मभर जवळून बघितलेली असते.

सेक्रेटरींनी दिलेला मजकूर असा सुरू होत होता, "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, पंपाच्या तातडीच्या दुरुस्तीकरिता उद्या..." पुढे तीस-बत्तीस शब्द. मी तो जसाच्या तसा आजीच्या तोंडी घातला. आजी बोलली, सगळं बोलली, पण आठ सेकंदांत. लोकल सुटताना शेवटचं स्टेशन ओरडून सांगावं तशी. ओठ इतक्या वेगाने थरथरत होते की आजीला थंडी वाजतेय असं वाटलं. दुसऱ्या प्रयत्नात तिने वाक्याचा शेवट गिळला आणि "दुरुस्तीकरि" वर क्लिप संपली.

तेव्हा घड्याळ लावून मी स्वतः बोलून बघितलं. सावकाश, घरच्यासारखं बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द होतात, फार तर अडीच. त्यात सुरुवातीला श्वास, मधे थांबणं, शेवटी गप्प बसणं. म्हणजे आठ सेकंदांत आठ-दहा शब्द सुखाने मावतात, पंधरा कोंबून. सन्माननीय सभासद तिथेच गळाले.

पहिलं छोटं वाक्य केलं, "उद्या नळाला पाणी नाही." आजी म्हणाली, "उद्या नलाला पानी नाही." नळाचा नल झाला, दमयंती तेवढी यायची राहिली. 'ळ' आणि 'ण' यांच्याशी भांडण्यात माझे चार प्रयत्न गेले. प्रत्येक प्रयत्नाला पैसे लागतात, हे बायको अधूनमधून आठवण करून देत होती. शेवटी मी माघार घेतली. जो शब्द तोंडात बसत नाही तो बदलायचा. नवं वाक्य ठरलं:

"उद्या पंप बंद. माझ्याकडे काय बघताय? बादल्या भरा."

आठ शब्द. ळ नाही, ण नाही. मला वाटलं, जिंकलो.

आईला दाखवलं. आई प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली आहे. तिने मोबाइल चष्म्याजवळ नेला, दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही बंद म्हणताना तोंड बंदच करत नाहीये."

"म्हणजे?"

"प, फ, ब, भ, म. ओष्ठ्य. ओठाला ओठ टेकल्याशिवाय येतात का? म्हणून दाखव बरं बादली, तोंड उघडं ठेवून."

मी प्रयत्न केला. आदली आली.

मग तिने आवाज बंद करून क्लिप लावली. हीच खरी परीक्षा आहे, आणि ती मला एका निवृत्त शिक्षिकेने शिकवली. आवाज असला की कान डोळ्यांना सांभाळून घेतात. आवाज घालवला की चोरी उघडी पडते. आजीचा जबडा वरखाली होत होता, पण ओठ मधे कुठे मिटत नव्हते. गरम भाताचा घास तोंडात फिरवतेय असं वाटत होतं.

आईने बोटांवर मोजलं. पंपमध्ये दोन वेळा, कारण अनुस्वाराचा म् होतो आणि तो पुढच्या प ला चिकटतो. बंदचा ब. माझ्याकडेचा म. बघतायचा आणि बादल्यांचा ब, आणि भराचा भ. "सात. सात वेळा ओठ टेकले पाहिजेत. तुझ्या आजीचे किती टेकले?"

मी एकेक चौकट पुढे सरकवत मोजले. सेकंदाला चोवीस चौकटी असतात, आणि एक ओठ मिटणं दोन-तीन चौकटींत उरकतं, त्यामुळे बोट सावकाश चालवावं लागतं. तीन टेकले होते.

कारण माझ्याच वर्णनात निघालं. मी हौसेने लिहिलं होतं, "आजी अंगणात तुळशीजवळ उभी." त्यामुळे आख्खं अंगण आलं, तुळस आली, आणि आजीचं तोंड सुपारीएवढं. एवढ्याशा जागेत ओठ मिटलेले दाखवायला ठिपके तरी कुठून येणार? मग तुळस काढली, आजीला छातीपासून वर घेतलं, चेहरा समोर, उजेड समोरून, हात तोंडापासून लांब. सुरुवातीला द्यायचं स्थिर चित्रही बदललं. आधीच्या चित्रात आजी दात दाखवून हसत होती, आणि हसरं तोंड सात वेळा मिटवणं त्या यंत्राला जड जात होतं. ओठ मिटलेल्या चित्रापासून सुरुवात केल्यावर सातपैकी सहा टेकले.

मधेच सेक्रेटरींनी तोडगा सुचवला होता, "आजोबा घ्या ना. झुपकेदार मिशा द्या, म्हणजे ओठ दिसायलाच नकोत." तोडगा अगदी खरा आहे, फसवायला उत्तम. पण आई म्हणाली, आमच्या सोसायटीत आजोबांचं कोण ऐकतं?

आता मान. मी लिहिलं होतं, "नैसर्गिकपणे मान हलवत बोलते." आजी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मान हलवत राहिली. दारात नंदीबैल आलाय आणि आपण त्याला विचारतोय, पाऊस पडेल का? ते खोडून "मान स्थिर" लिहिलं, तर पासपोर्टचा फोटो बोलायला लागला. नैसर्गिक हा शब्द लिहून काही मिळत नाही, कारण त्यात करण्यासारखं काहीच सांगितलेलं नसतं.

मग मी आईलाच बघत बसलो. ती खाली भाजीवाल्याशी बोलत होती. "एवढी महाग?" म्हणताना भुवया वर गेल्या आणि हनुवटी किंचित पुढे आली. "दहाला दे" म्हणताना 'दहा'वर मान एकदाच खाली गेली. बाकी वेळ डोकं जवळजवळ जागेवर. आणि गंमत म्हणजे पापण्या बोलता बोलता फारशा लवत नव्हत्या, वाक्य संपून ती थांबली की लवायच्या. भाजीवाला भाव कमी करतोय का, याची वाट बघण्याच्या त्या दीड सेकंदात जेवढा अभिनय होता तेवढा माझ्या आजीच्या आठ सेकंदांत नव्हता.

ते दीड सेकंद मला हवे होते. 'बंद' नंतर आजीने थांबायचं, सगळ्यांकडे एकदा बघायचं, मग "माझ्याकडे काय बघताय?" सगळी गंमत त्या थांबण्यात. मी संवादाच्या मधे कंसात लिहिलं, दीड सेकंद थांबते. आजी खणखणीत आवाजात म्हणाली, "उद्या पंप बंद दीड सेकंद थांबते माझ्याकडे काय बघताय." बायको स्वयंपाकघरात एवढी हसली की दूध उतू गेलं. त्याचाही हिशेब नंतर माझ्याकडेच आला. मग तीन टिंबं दिली, तर आजी तिथे "अं..." करून अडखळली, पाठांतर विसरल्यासारखी.

शेवटी उमगलं की थांबणं हे त्या यंत्राला कळतच नाही, त्याला फक्त करणं कळतं. तेव्हा थांबण्याच्या वेळात आजी काय करते ते लिहायचं, आणि तेही बोलण्याच्या बाहेर. वाक्याचे दोन तुकडे केले आणि मधे कृती ठेवली:

```
छातीपासून वरचा चेहरा, कॅमेरा स्थिर.
आजी नाकाने श्वास घेते, मग म्हणते: उद्या पंप बंद.
"बंद"वर मान एकदाच किंचित खाली.
ओठ मिटते. पापण्या एकदा लवतात. नजर डावीकडून
उजवीकडे नेते. गप्प.
भुवया उंचावून म्हणते: माझ्याकडे काय बघताय?
बादल्या भरा.
मग ओठ मिटून कॅमेऱ्याकडे बघत राहते. काही बोलत नाही.
```

शेवटची ओळ उगाच नाही. ती नव्हती तेव्हा शब्द सहाव्या सेकंदाला संपले आणि उरलेले दोन सेकंद आजी कुठल्याशा अगम्य भाषेत बोलत राहिली. वेळ दिलाय तर तो भरायचा, ही वृत्ती मी आमच्या वार्षिक सभेतही पाहिली आहे.

यातून अकराव्या प्रयत्नाला सात ओठ टेकले, मान एकदाच हलली, थांबणं जमलं. तरी काहीतरी खटकत होतं. पुन्हा चौकटी मोजल्या. ओठ मिटण्याच्या दोन चौकटी आधीच 'प' ऐकू येत होता. माणसाला आवाज उशिरा आलेला चालतो, कारण निसर्गात तसंच असतं. पलीकडच्या काठावर धोपटणं आपटलेलं आधी दिसतं, आवाज मागून येतो. आवाज आधी आला की मात्र लगेच टोचतं. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हाच फरक आकड्यांत आहे: आवाज सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, मागे पडला तर 125 पर्यंत जाणवत नाही. एक चौकट साधारण 42 मिलिसेकंदांची. म्हणजे माझी आजी दोन चौकटींनी उतावळी होती. एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये आवाज वेगळा काढून दोन चौकटी मागे सरकवला, आणि ती एकदम खरी झाली. सगळीकडे सारखाच फरक असेल तर असा इलाज चालतो. न टेकलेला ओठ मात्र सरकवून टेकत नाही, तिथे नवा प्रयत्न आणि नवे पैसे.

आईने आवाज बंद करून पाहिलं. बोटं मोजली. "सात," म्हणाली आणि मोबाइल परत दिला. बत्तीस वर्षांच्या शिक्षिकेकडून याहून जास्त मिळत नाही.

रात्री साडेनऊला क्लिप ग्रुपवर टाकली. सी विंगमधून लगेच विचारणा आली, या आजी कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात, बादल्या भरायला त्यांना कोणी मदतीला आहे का? मी खुशीत उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन.

"छान झालंय हो. फक्त एक करा. पंपवाला उद्या येत नाहीये, परवा येतोय. तेवढं उद्याच्या जागी परवा करून टाका. एकच तर शब्द आहे."

आई पलंगावर आडवी झाली होती. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "परवा. म्हणजे आठ झाले."