बी-ट्रीचा नोड फुटतो तेव्हा खर्च नेमका किती येतो

> "बॅलन्स्ड बायनरी ट्री O(log n), बी-ट्रीही O(log n). नोडच्या आत पुन्हा बायनरी सर्च करायचाच, म्हणजे तुलना तेवढ्याच. बायनरी ट्रीचे नोडही एका पेजमध्ये भरता येतात की! उलट बी-ट्रीत नोड भरला की फोडा, अर्धा माल हलवा, वर कळवा, हा वेगळाच व्याप. फिरत्या डिस्कच्या जमान्यातली सवय आहे ही, एसएसडी आल्यावर तिला काही अर्थ नाही."

बी-ट्री म्हणजे एकेका नोडमध्ये एकच नाही तर अनेक की क्रमाने ठेवणारं झाड, आणि त्यावरचा हा नेहमीचा आक्षेप. त्यातला तुलनांचा हिशेब बरोबर आहे, तो आधीच मान्य करून टाकतो. एक कोटी नोंदी घ्या. पूर्ण संतुलित बायनरी ट्रीला २४ पातळ्या लागतात, म्हणजे फार तर २४ तुलना. बी-ट्रीतही सगळ्या पातळ्या मिळून चोवीस-पंचवीसच होतात. बरोबरी. फक्त या पंचवीस तुलनांना प्रोसेसरला जेमतेम एक मायक्रोसेकंद लागतो, आणि वेळ जातो तो तिसरीकडेच.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, आणि त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आठेक मिलिसेकंद. म्हणजे कुठलंही एक वाचन साधारण १२ मिलिसेकंदांचं. आणि ते वाचन बाइट-बाइट होत नाही, ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या, म्हणजे पेजच्या हिशेबात होतं. डेटाबेसचं पेज पोस्टग्रेसमध्ये ८ केबी, मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनमध्ये १६ केबी. तुम्ही ३२ बाइटचा नोड मागा नाहीतर अख्खं पेज मागा, थांबावं तेवढंच लागतं.

आता बी-ट्रीचा हिशेब मांडतो. प्रत्यक्षात वापरतात तो बी-प्लस प्रकार धरू, ज्यात सगळ्या नोंदी तळाच्या नोडमध्ये, म्हणजे लीफमध्ये असतात आणि वरचे नोड फक्त वाट दाखवतात. आठ बाइटची की, आठ बाइटचा पॉइंटर, ८ केबीचं पेज. हेडर वगळून एका पेजात सुमारे ५०० नोंदी मावतात. नोंदी कशाही क्रमाने येत गेल्या तर पेजेस सरासरी दोन-तृतीयांशाहून जरा जास्त भरलेली राहतात, म्हणून ३४० धरू. एक कोटी भागिले ३४० म्हणजे सुमारे २९,४०० लीफ. त्यांच्यावर ८७ पेजेस, आणि त्या ८७ वर एक रूट. तीन पातळ्यांत झाड संपलं. रूट आणि मधली ८७ मिळून ७०४ केबी होतात. ती मेमरीत पडून राहतात. मग कुठलीही नोंद शोधायला डिस्कवरून फक्त एक लीफ आणायचं.

बायनरी ट्रीला तेवढीच मेमरी देऊ, उगाच अन्याय नको. ७०४ केबीत ३२ बाइटचे साडेबावीस हजार नोड बसतात, म्हणजे वरच्या १४ पातळ्या. उरलेल्या दहा पातळ्या डिस्कवर. तळापर्यंत जायला दहा वाचनं, १२० मिलिसेकंद, बी-ट्रीला १२. शिवाय त्या १४ पातळ्यांचे नोड फाइलमध्ये शेजारी-शेजारी आहेत, हे मी उदारपणे गृहीत धरलं. नोड ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लिहिले असतील, तर ते फाइलभर विखुरलेले असतात आणि तेवढ्या मेमरीत वरच्या पातळ्याही मावत नाहीत.

पेजमध्ये नोड भरण्याचा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत आवडला, कारण तो जवळजवळ बरोबर आहे. आठ पातळ्यांचं उपझाड म्हणजे २५५ नोड, ८१६० बाइट. एका पेजात बरोबर बसतं. २४ पातळ्या म्हणजे तीन पेजेस. वाचण्यापुरता बी-ट्रीशी सामना बरोबरीत! झाड एकदाच बांधून नंतर हात लावायचा नसेल तर मी काहीच म्हणणार नाही.

पण नवी नोंद आली की काय होतं? पेज भरलेलं आहे, म्हणून नवा नोड नव्या पेजात जातो, आणि तिथे तो एकटाच. अशा रीतीने एका भरल्या पेजाखाली २५६ जवळजवळ रिकामी पेजेस लोंबकळू शकतात. त्यात संतुलनासाठी नोड वर-खाली फिरवले, म्हणजे रोटेशन झालं तर खालच्या पेजातला नोड वरच्या पेजात जायला हवा, आणि तिथे जागा नाही. तेव्हा नियम करावा लागतो: पेज भरलं की त्याचे दोन भाग कसे करायचे आणि वरच्या पेजाला काय सांगायचं. हा नियम लिहून काढा. लिहून झाला की त्याला नोड स्प्लिट म्हणतात.

(गंमत म्हणजे १९७० मध्ये बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत एका सहकाऱ्यासोबत बी-ट्री मांडणाऱ्या रुडॉल्फ बायर यांनीच १९७२ मध्ये त्याचं बायनरी रूप दिलं, आणि पुढे त्यातूनच रेड-ब्लॅक ट्री आलं. तेव्हा ही भांडणं घरातलीच.)

आता स्प्लिटकडे येऊ. लीफमध्ये फक्त चार की मावतात असं छोटं झाड घ्या. लीफमध्ये १०, २०, ३०, ४० आहेत आणि २५ येते. पाच झाल्या, मावत नाहीत. डावीकडे १०, २० ठेवायच्या, उजव्या नव्या लीफमध्ये २५, ३०, ४०, आणि वरच्या नोडला सांगायचं की २५ पासून पुढचं सगळं उजवीकडे. मग ३५ आली, उजवं लीफ भरलं. ३७ आली, ते फुटलं: २५, ३० एकीकडे, ३५, ३७, ४० दुसरीकडे, आणि वर ३५ गेली. वरच्या नोडमध्ये आता २५, ३५. असं होत होत कधीतरी तोही भरतो. समजा त्यात २५, ३५, ५०, ७०, ९० झाल्या. मग डावीकडे २५, ३५, उजवीकडे ७०, ९०, आणि ५० वर जाऊन नवा रूट बनते. झाड उंच होतं ते फक्त इथे, रूट फुटतो तेव्हा. म्हणून सगळी लीफ कायम एकाच खोलीवर राहतात आणि रोटेशनची गरजच पडत नाही.

दोन्ही स्प्लिट दिसायला सारखे असले तरी त्यांत एक फरक आहे:

```python
def split_leaf(k):
    m = len(k) // 2
    return k[:m], k[m], k[m:]

def split_inner(k, c):
    m = len(k) // 2
    left  = (k[:m], c[:m+1])
    right = (k[m+1:], c[m+1:])
    return left, k[m], right
```

लीफ फुटताना मधली की वर जाते ती नक्कल म्हणून. मूळ नोंद उजव्या लीफमध्ये राहते. आतला नोड फुटताना ती खरोखर वर सरकते. मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा दोन्हींना एकच फंक्शन वापरलं, `m+1` वालं. छोट्या चाचण्या पास झाल्या. मग लाखभर नोंदी घालून पुन्हा मोजल्या तर काहीशे कमी भरल्या. हरवलेल्या की आणि वरच्या नोडमधल्या की ताडून पाहिल्या तेव्हा त्या हुबेहूब त्याच निघाल्या. प्रत्येक लीफ-स्प्लिटला एक नोंद गिळली जात होती.

खर्चाचा आकडा तर असा आहे की पाहून हसू येतं. एका स्प्लिटमधून एक नवं पेज जन्मतं. शेवटी लीफ २९,४०० असतील तर लीफ-स्प्लिटही जवळपास तेवढेच झाले. एक कोटी इन्सर्टमध्ये २९,४००, म्हणजे ३४० इन्सर्टमागे एक. आतले नोड फुटण्याचे प्रसंग शंभराच्या आत. आणि झाडाची उंची वाढली फक्त दोनदा! नेहमीच्या इन्सर्टला एक पेज लिहावं लागतं, स्प्लिटवाल्याला बहुधा तीन: जुनं, नवं आणि वरचं. जास्तीची दोन पेजेस ३४० इन्सर्टवर वाटली की टक्काही भरत नाही. राहिलं 'अर्धा माल हलवणं': मेमरीतल्या मेमरीत चार केबीची कॉपी. डिस्कसमोर ती गणतीतही येत नाही.

स्प्लिटची खरी किंमत दुसरीकडे आहे, आणि आक्षेप घ्यायचाच तर तिथे घ्यावा. पहिली, अर्धवट स्प्लिट. जुनं पेज अर्धं करून लिहिलं, नवं लिहिलं, आणि वरच्याला कळवण्याआधी वीज गेली तर वरून येणाऱ्या शोधाला उजव्या अर्ध्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून तिन्ही बदल आधी लॉगमध्ये नोंदवावे लागतात, आणि ती गुंतागुंत खरोखरची आहे. दुसरी, रिकामी जागा. की चढत्या क्रमाने येत असतील, उदाहरणार्थ आपोआप वाढणारा आयडी, तर प्रत्येक वेळी सर्वांत उजवं लीफच फुटतं आणि डाव्या अर्ध्यात पुन्हा कधी काही येत नाही. बरोबर मधोमध फोडत राहिलात तर सगळी लीफ कायमची अर्धी रिकामी, ४०,००० पेजेस. पोस्टग्रेस म्हणूनच सर्वांत उजवं लीफ मधोमध फोडत नाही. डावं पेज ९० टक्के भरलेलं ठेवतं. मग तीच एक कोटी नोंद २२ हजारांच्या आसपास पेजेसमध्ये बसते.

एसएसडीने काय बदललं? एक वाचन १२ मिलिसेकंदांवरून साधारण १०० मायक्रोसेकंदांवर आलं. दोघांसाठीही. वरच्या उदाहरणात दहा वाचनांना एक मिलिसेकंद, एका वाचनाला त्याचा दहावा भाग. गुणोत्तर जागेवरच आहे. फ्लॅशही पेजनेच वाचलं-लिहिलं जातं, आणि लिहिलेल्या पेजवर जागच्या जागी पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा ब्लॉक पुसावा लागतो. रोटेशनमध्ये आठ-आठ बाइटचे पॉइंटर दोन-तीन पेजेसमध्ये बदलायचे म्हणजे तेवढी अख्खी पेजेस नव्याने लिहायची.

ही तक्रार बी-ट्रीलाही लागू होते, हे लपवत नाही. सोळा बाइटच्या नोंदीसाठी ८ केबीचं पेज लिहायचं, आणि नोंदी विखुरलेल्या असतील तर प्रत्येक नोंदीला वेगळं. लिखाणाचा मारा मोठा असेल तिथे यावर उपाय आहे, १९९६ मध्ये मांडलेलं एलएसएम-ट्री: नोंदी आधी मेमरीत क्रमाने साठवायच्या आणि मग मोठ्या क्रमवार फाइल्स एका दमात लिहायच्या. तो मेमरीतला साठा स्किप लिस्ट किंवा बॅलन्स्ड बायनरी ट्रीमध्ये ठेवतात, आणि तिथे बायनरी ट्री अगदी शोभतं. मेमरीतही ते बिनविरोध नाही मात्र: रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत क्रमवार मॅपसाठी आहे `BTreeMap`, एका नोडमध्ये ११ पर्यंत की. डिस्कचा तिथे संबंधच नाही. प्रोसेसरची कॅशही एकावेळी एक बाइट आणत नाही, एवढंच कारण.